ग्रुप फोटोत मागची रांग पुसट येते, ॲपर्चर बंद केलं की फोटो काळा नाहीतर हललेला: दोष नेमका कुठे आणि हिशेब कसा करायचा

गणपतीच्या दिवसांत ही तक्रार हमखास येते. गिरगावातल्या एखाद्या चाळीचं अंगण, संध्याकाळची आरती झालेली, मंडपाच्या ट्यूब आणि दिव्यांच्या माळा चालू, आणि तीन रांगांत माणसं उभी. कॅमेरा साधा क्रॉप सेन्सरचा, २४ मेगापिक्सेलचा, लेन्स ५० मिमी f/1.8. फोटो मोठा करून पाहिला तर खुर्च्यांवर बसलेली पुढची रांग धारदार आणि मागच्या रांगेचे डोळे विरघळल्यासारखे. कुणीतरी सांगतं, ॲपर्चर बंद कर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र लहान कर. f/5.6 किंवा f/8 केलं की दोनपैकी एक होतं. कॅमेरा M वर, म्हणजे छिद्र आणि वेळ दोन्ही आपणच ठरवतो त्या मोडवर असेल तर फोटो अंधारा येतो. A किंवा Av वर असेल तर वेळ कॅमेरा ठरवतो आणि उजेड बरोबर येतो, पण आता सगळेच थोडे हललेले दिसतात. मग लेन्सवर शंका घेतली जाते. लेन्स बहुतेक वेळा ठीक असते. चुकतो तो छिद्र आणि वेळ यांचा हिशेब.

आधी ओळखा, पुसटपणा कुठल्या जातीचा आहे

फोटो १०० टक्क्यांवर मोठा करा आणि चेहरे सोडून आधी दिव्यांच्या माळेकडे बघा. माळेतला एकेक छोटा दिवा म्हणजे प्रकाशाचा बिंदू, आणि बिंदूचं काय झालं यावरून कारण कळतं. दिवा गोल चकती झाला असेल तर तिथे फोकस नव्हता. प्रत्येक दिव्याची एकाच दिशेला सारखी रेघ किंवा वाकडी शेपटी झाली असेल तर कॅमेरा हलला. दिवे टोकदार आहेत आणि फक्त काही चेहरे किंवा हात ओढल्यासारखे आहेत, तर माणसं हलली. सगळ्याच चित्रावर दुधाळ झाक असेल तर लेन्सची काच तपासा. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत आणला की पुढच्या काचेवर वाफ धरते. आरतीच्या अर्धा तास आधी कॅमेरा बॅगेतच बंद ठेवून बाहेर आणला तर हे टळतं.

यांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या कारणाची एकमेकांत फसगत होते. एक घालवायला गेलं की दुसरं येतं, म्हणून दोन्ही मिलिमीटरमध्ये मोजून बघू.

फोकसचा पुसटपणा: छिद्राचा व्यास काढा

f/1.8 हा आकडा म्हणजे भागाकार आहे. नाभीय अंतर ५० मिमी भागिले १.८, म्हणजे छिद्राचा व्यास २७.८ मिमी.

```
D = f / N
b = D × Δ / s
```

इथे `f` म्हणजे लेन्सचं नाभीय अंतर, `N` म्हणजे एफ-क्रमांक, जसा f/1.8 मधला १.८, `D` म्हणजे छिद्राचा व्यास, `s` हे फोकस केलेलं अंतर, `Δ` म्हणजे माणूस त्या अंतराच्या किती पुढे किंवा मागे आहे ते, आणि `b` म्हणजे त्या माणसाच्या चेहऱ्यावर एक बिंदू किती मोठी चकती होऊन पसरतो ते. सूत्र पाठ करायची गरज नाही, कारण ते समरूप त्रिकोणांतून सरळ येतं. लेन्सच्या २७.८ मिमी व्यासाच्या तोंडापासून निघालेला शंकू फोकसच्या अंतरावर टोकाला येतो आणि पुढे पुन्हा उघडत जातो. मागची रांग त्या शंकूला जिथे छेदते, तिथली रुंदी म्हणजे `b`.

आता रांगा मांडू. पुढची कॅमेऱ्यापासून ५ मीटरवर, मधली ५.७ वर, मागची ६.४ वर. फोकस क्षेत्र ऑटो ठेवलं की कॅमेरा सहसा जवळचा चेहरा धरतो, म्हणजे फोकस ५ मीटरवर. मागच्या रांगेसाठी `Δ` १.४ मीटर. २७.८ ला १.४ ने गुणून ५ ने भागलं तर ७.८ मिमी. म्हणजे मागे उभ्या असलेल्या काकूंच्या कपाळावरची बारीक टिकली मण्याएवढी पसरते, आणि पापण्यांचे केस व बुबुळाची कडा त्याच मापाच्या चकतीत बुडून जातात. तक्रार खरीच आहे.

किती मिमीपर्यंत चालतं? या सेन्सरसाठी सेन्सरवरची ०.०२ मिमीची चकती ही रूढ मर्यादा धरतात. A4 छपाईत ती साधारण पाव मिमी होते, आणि हातात धरून पाहताना डोळ्याला ती बिंदूच वाटते. ५ मीटरवर याचा अर्थ चेहऱ्यावर २ मिमी, ६.४ मीटरवर सुमारे २.५ मिमी. आपली ७.८ त्याच्या तिप्पट आहे.

पहिला उपाय फुकटचा आहे, त्यात उजेडाचा एक कणही जात नाही. फोकसचा एकच बिंदू निवडा आणि तो मधल्या रांगेच्या चेहऱ्यावर ठेवा. आता `Δ` दोन्ही बाजूंना ०.७ मीटर आणि `s` ५.७. तेवढ्यानेच f/1.8 वर चकती ३.४ मिमीवर येते. फोकस पहिल्या आणि शेवटच्या रांगेमधल्या अंतराच्या एक तृतीयांशावर ठेवावा हा सल्ला फार फिरतो, पण तो या अंतरांना लागू नाही. सेन्सरवर दोन्ही टोकांची चकती सारखी हवी असेल तर फोकस ५.६१ मीटरवर लागतो, म्हणजे त्या अंतराच्या ४४ टक्क्यांवर. मधली रांग ५.७ वरच आहे, तेव्हा तिच्यावर धरलं की काम झालं.

त्यानंतर छिद्र लहान करायचं. f/4 वर व्यास १२.५ मिमी, चकती १.५ मिमी. म्हणजे पुढची आणि मागची, दोन्ही रांगा मर्यादेत. f/8 ची गरजच नव्हती. डीएसएलआरच्या भिंगात डोळा लावून हा फरक दिसत नाही, कारण फोटो काढायच्या क्षणापर्यंत लेन्स पूर्ण उघडी असते. डेप्थ ऑफ फील्डचं बटण असेल तर ते दाबून बघा. तेव्हा दृश्य अंधारतं, तो दोष नव्हे.

फोटो काळा का आला: वेळ N च्या वर्गाने वाढते

सेन्सरच्या एका चौरस मिलिमीटरवर किती प्रकाश पडतो हे छिद्राच्या क्षेत्रफळावर अवलंबून आहे, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. म्हणून योग्य एक्सपोजरसाठी लागणारी वेळ एफ-क्रमांकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

```
t ∝ N²
```

समजा मंडपात ISO, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, 400 ठेवून f/1.8, 1/125 सेकंदाला उजेड बरोबर येतो. आता f/5.6 करायचंय. ५.६ भागिले १.८ म्हणजे ३.१. बरेच जण वेळ तेवढीच वाढवतात आणि 1/40 लावतात. पण ३.१ चा वर्ग ९.७ आहे, आणि लागणारी वेळ 1/13. म्हणजे 1/40 ला हवा त्याच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी प्रकाश मिळाला. M वर काळा फोटो येतो तो यामुळे. भौतिकशास्त्राच्या गणितांतही गुण इथेच जातात. f/2 ला 1/60 असेल तर f/8 ला किती, असं विचारलं की उत्तर 1/15 लिहिलं जातं, आणि बरोबर उत्तर 1/4 आहे, साधारण सोळापट.

ॲपर्चरचे आकडे १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११ असे विचित्र का, याचं उत्तरही इथेच आहे. प्रत्येक आकडा आधीच्याच्या वर्गमूळ दोन पट आहे, म्हणून प्रत्येक पायरीला वेळ बरोबर दुप्पट होते. ५.६ आणि ११ हे पूर्णांकन केलेले आकडे आहेत, खरे ५.६६ आणि ११.३. गणितात उत्तर किंचित चुकलं तर घाबरू नका.

इथे एक शंका हमखास निघते आणि ती चांगली शंका आहे. १०० मिमीच्या लेन्सचं f/4 चं छिद्र २५ मिमीचं, ५० मिमीच्या लेन्सचं १२.५ मिमीचं. क्षेत्रफळ चौपट, मग १०० मिमीवर वेळ चौथाई का लागत नाही? कारण १०० मिमीची लेन्स त्याच वस्तूची प्रतिमा लांबी-रुंदीत दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळात चौपट पसरते. चौपट प्रकाश चौपट जागेवर. दर चौरस मिलिमीटरला तेवढाच. व्यासाला नाभीय अंतराशी तोलून लिहायची पद्धत याचसाठी आहे. f/4 लिहिलं की कुठलीही लेन्स असो, वेळ तीच. अपवाद अगदी जवळून काढलेल्या फोटोंचा. वस्तूएवढीच प्रतिमा सेन्सरवर पडत असेल तर साध्या लेन्सचं परिणामी N दुप्पट होतं आणि वेळ चौपट लागते. ग्रुप फोटोला त्याचा संबंध नाही.

मोबाइलवरही f/1.8 लिहिलेलं असतं आणि त्यात मागची रांग स्वच्छ येते, त्याचंही कारण व्यासातच आहे. मोबाइलच्या मुख्य लेन्सचं खरं नाभीय अंतर ६ मिमीच्या आसपास असतं, म्हणजे छिद्र ३.३ मिमीचं. फोकस पुढच्या रांगेवर असला तरी मागे चकती ०.९ मिमीची. दर चौरस मिलिमीटरला प्रकाश कॅमेऱ्याएवढाच, पण एका चेहऱ्याकडून एकूण गोळा झालेला प्रकाश सत्तराव्या हिश्श्याएवढा. म्हणून अंधारात मोबाइलच्या फोटोत दाणे लवकर दिसतात.

हललेला फोटो: हाही पुसटपणा मिलिमीटरमध्ये मोजा

A वर कॅमेऱ्याने f/5.6 ला स्वतःहून 1/13 लावलं. उजेड बरोबर. पण ‘हसा’ म्हटल्यावर माणसं पुतळे होत नाहीत. कुणी मान वळवतं, कुणी मुलाला सावरतं. डोकं सेकंदाला १० सेंमी इतक्या सावकाश हललं असं धरू. 1/13 सेकंदात ते ७.७ मिमी सरकतं.

हा आकडा मघाच्या ७.८ शी ताडून बघा. f/1.8 वर मागची रांग फोकस नसल्यामुळे जेवढी पुसट होती, तेवढीच f/5.6 वर ती हलल्यामुळे पुसट झाली. शिवाय आता पुढची रांगही त्यात आली. ‘ॲपर्चर बंद करून काही फरक पडत नाही, लेन्सच खराब आहे’ असा निष्कर्ष निघतो तो इथून. ट्रायपॉडचा इथे उपयोग नाही. ट्रायपॉड कॅमेऱ्याला धरतो, माणसांना नाही.

या दोघांचा स्वभाव वेगळा आहे, आणि खरी मेख तिथे आहे. फोकसची चकती N वाढवलं की त्याच प्रमाणात कमी होते, N दुप्पट तर चकती निम्मी. हलण्याची रेघ वेळेच्या प्रमाणात, म्हणजे N च्या वर्गाने वाढते, N दुप्पट तर रेघ चौपट. गरजेपेक्षा एक पायरी जास्त बंद केली तर मिळतं थोडं आणि जातं पुष्कळ. म्हणून ‘सुरक्षित असावं’ म्हणून f/8 लावणं हा मंडपातल्या उजेडात सगळ्यात महागडा निर्णय आहे.

वेळ कमी करायला उरतो ISO. मंडपात ISO 1600 घ्या. आजच्या क्रॉप सेन्सरवर A4 छपाईत त्याचे दाणे त्रास देत नाहीत, हललेला डोळा मात्र देतो. ISO चौपट म्हणजे वेळ चौथाई. फोकस मधल्या रांगेवर ठेवून हिशेब असा येतो:

f/2.8 ला वेळ 1/200, चकती २.२ मिमी, रेघ ०.५ मिमी.
f/4 ला वेळ 1/100, चकती १.५, रेघ १.०.
f/5.6 ला वेळ 1/50, चकती १.१, रेघ १.९.
f/8 ला वेळ 1/25, चकती ०.८, रेघ ४.

चकती आणि रेघ बरोबरीला येतात f/4.5 च्या जवळ, 1/80 सेकंदाला. दोन्हींची बेरीज सगळ्यात कमी होते त्याच्या किंचित अलीकडे, f/3.5 ते f/4 च्या दरम्यान. आम्ही f/4 आणि 1/100 सुचवतो, आणि त्याला आणखी एक कारण आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकच्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. 1/100 मध्ये बरोबर एक आवर्तन बसतं, 1/50 मध्ये दोन. 1/80 किंवा 1/200 लावलं तर एका फोटोत चेहरे उजळ, पुढच्यात मंद, किंवा चित्रात आडवे पट्टे असं होऊ शकतं. ५० मिमी लेन्स हातात धरून क्रॉप सेन्सरवर कॅमेरा हलू नये यासाठी 1/75 च्या आसपासचा ढोबळ नियमही 1/100 ने पाळला जातो.

तेव्हा क्रम असा ठेवा. कॅमेरा M वर, f/4, 1/100. मधल्या रांगेतल्या चेहऱ्यावर ISO कमी-जास्त करत एक्सपोजर जुळवा. एकच फोकस बिंदू, मधल्या रांगेच्या डोळ्यांवर. पाच-सहा फोटो लागोपाठ काढा, कारण डोकी एकाच वेळी सगळी स्थिर असण्याची शक्यता कमी असते. लगेच स्क्रीनवर तीन ठिकाणी मोठं करून बघा: पुढच्या रांगेतला एक डोळा, मागच्या रांगेतला एक, आणि माळेतला एक दिवा. दिवा मात्र रांगांच्या जवळचा निवडा. खूप मागच्या भिंतीवरचा दिवा चकतीच दिसणार, त्यावरून चेहऱ्यांचा निकाल लावू नका.

दिवसाउजेडी f/16, f/22 लावायचा मोह होतो, तेव्हा मर्यादा विवर्तनाची असते. छिद्र लहान झालं की प्रकाश त्याच्या कडांवरून पसरतो आणि बिंदूची किमान चकती २.४४ गुणिले तरंगलांबी गुणिले N एवढी होते. हिरव्या प्रकाशाला f/16 वर ती ०.०२१ मिमी, म्हणजे आपण धरलेली मर्यादा तिथेच ओलांडली. या सेन्सरवर f/11 च्या पुढे गेलात तर फोकसची खोली वाढते आणि धार सगळीकडेच कमी होते.

छिद्राला हात न लावता

`b` च्या सूत्रात `Δ` आणि `s` पण आहेत, आणि त्यांना प्रकाश लागत नाही. रांगांमधलं अंतर ७० सेंमीवरून ५० वर आणलं, म्हणजे खुर्च्या थोड्या मागे सरकवून मधल्यांना पाठीला टेकवलं, तर f/4 वरची चकती १.५ वरून १.१ मिमीवर येते. दोन मीटर मागे गेलात तरी तेवढाच फायदा. मागे गेल्याने एक्सपोजर बदलत नाही, कारण चेहरा लहान दिसतो तसा त्याचा प्रकाशही लहान जागेवर पडतो. फक्त मागच्या रांगेचा चेहरा ३०० पिक्सेलवरून २३० पिक्सेल रुंदीचा होतो, हे लक्षात ठेवा. अर्थात चाळीच्या अंगणात दोन मीटर मागे जायला जागा असेलच असं नाही.

गॅलरी मात्र असते. पुढची रांग बसलेली, मधली उभी, मागची बाकावर उभी, अशी मांडणी केली तर प्रत्येक रांगेचे चेहरे आधीच्या रांगेपेक्षा साधारण ४० सेंमी वर येतात. फोकसचं प्रतल लेन्सच्या अक्षाला काटकोनात असतं, म्हणून कॅमेरा खाली झुकवला की ते प्रतलही मागे कलतं आणि चेहऱ्यांच्या चढत्या ओळीच्या जवळ येतं. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून ३० अंश खाली बघून फोटो काढला तर अक्षाच्या दिशेने दोन रांगांमधलं अंतर ७० सेंमी न राहता ४० सेंमी उरतं. मधली रांग तिरक्या अंतराने साधारण ६.३ मीटरवर पडते. f/2.8 वर छिद्र १७.९ मिमी, चकती १.१ मिमी, म्हणजे खाली उभं राहून f/4 ला मिळालेल्या १.५ पेक्षा कमी. छिद्र एक पायरी उघडं राहिलं, म्हणून तीच 1/100 वेळ ISO 800 वर मिळते. गॅलरीच्या कठड्यावर कोपर टेकवा, कॅमेऱ्याचा पट्टा मनगटात अडकवा, आणि खालच्यांना मान वर करायला सांगा.